पाच फ्लॅट, एक रविवार

सकाळी साडेनऊला कर्वे पुतळ्यापाशी भेटायचं ठरलं होतं. दोघं सव्वानऊलाच हजर. निखिलच्या हातात पेनाएवढं लेझरचं मोजयंत्र. सायलीच्या हातात काहीच नाही. मी मनात म्हटलं, हा मोजणार आणि ही ठरवणार.

बावीस वर्षं या धंद्यात आहे. आमचा एक हिशेब असतो, पाच दाखवायचे आणि एक विकायचा. पहिला मुद्दाम थोडा पडका दाखवायचा, म्हणजे पुढचे सगळे उजळ दिसतात. आज मला विकायचा होता तो पाचवा, बावधनचा. मालक अमेरिकेत, घाईला आलेले, आणि दोन टक्के दलाली दोन्हीकडून पक्की.

पहिला डहाणूकर कॉलनीत. १९९१ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके, ७८ लाख. निखिलनं भिंतीवर लाल ठिपका मारला. "काका, तुम्ही ४८० म्हणालात. कार्पेट ४३१ आहे."

"जुन्या कागदावर बिल्टअप असतं हो. रेरा कायदा २०१६चा. त्याआधी कार्पेट कोण विचारत होतं?"

"मी विचारतोय ना."

सायली तेवढ्यात स्वयंपाकघरात गेली होती. नळ सोडायचा आवाज आला, मग बंद केल्याचा, मग पुन्हा सोडल्याचा. बाहेर आली ती एकच वाक्य बोलली, "पाणी छान आहे." तीन जिने उतरताना निखिल म्हणाला, "पाणी छान आहे म्हणून गुडघे घालवायचे का?" ती हसली नाही.

दुसरा कर्वेनगरमध्ये. दुसरा मजला, लिफ्ट आहे पण कुरकुरणारी, दोन बेडरूम, ८४ लाख. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, हे पुण्यात जुन्या इमारतीबाबत सांगायला मिळणं म्हणजे सणच. मालक आजोबांनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आजींना रात्रभर झोप नव्हती, आत्ता कुठे डोळा लागला होता. आतली लहान खोली बंदच राहिली. आम्ही कुजबुजत घर बघितलं. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली, पार्किंग उघडं, फरशी जुनी.

सायलीनं आजोबांना विचारलं, "नळाला पाणी किती वेळ?"

"सकाळी सहा ते साडेआठ. कॉर्पोरेशनचं. टँकर मी या सोसायटीत कधी बघितला नाही."

ती न्हाणीघरात गेली. तिथे एक पितळी घंगाळ होतं, निम्मं पाण्यानं भरलेलं. तिनं त्यावरचं ताट उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा तसंच झाकून ठेवलं. घर बघायला आलेले लोक कपाटं उघडतात, खिडक्या उघडतात. घंगाळ उघडणारी मी पहिल्यांदा पाहिली.

गाडीत बसल्यावर निखिलनं खुलासा केला. "काका, ती लातूरची आहे. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, तेव्हा ती तिथे होती."

"बारावीत होते," सायली खिडकीबाहेर बघत म्हणाली. "एवढंच सांगू नकोस. तू डोंबिवलीचा आहेस, तेही सांग."

"त्यात काय सांगायचं?"

"एका खोलीत पाच माणसं. दहावीचा अभ्यास जिन्यात."

निखिल गप्प बसला. वारज्याचा तिसरा फ्लॅट हायवेला लागून होता. खिडकी उघडली आणि आम्ही एकमेकांशी ओरडून बोलू लागलो. पाच मिनिटांत खाली. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. समोरच्या टपरीवर चहा घेताना मी माहिती म्हणून सांगितलं, "बाईमाणसाच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्यूटी एक टक्क्यानं कमी. सातच्या ऐवजी सहा. चौऱ्याऐंशी लाखांवर चौऱ्याऐंशी हजार वाचतात. दोघांची नावं टाकली की सवलत गेली."

दोघांनीही चहात बघितलं. बराच वेळ. माझी चूक झाली. असलं बोलणं टोकनच्या वेळी काढायचं असतं.

"दोघांची टाकू," शेवटी सायली म्हणाली.

"वाचतात तर वाचू दे की," निखिल म्हणाला. "तुझ्या नावावर."

"दोघांची," ती पुन्हा म्हणाली. पुढचा कप तिनं अर्धाच घेतला.

नवले पुलाच्या गर्दीत पाऊण तास काढून चौथ्याला पोहोचलो. नऱ्हे, नवं बांधकाम, बारावा मजला, ७२ लाख. समोर सिंहगड, खाली पोहण्याचा तलाव. इथे निखिलचं यंत्र खिशातच राहिलं. तो दुसऱ्या बेडरूममध्ये गेला आणि आतून दार लावून घेतलं. एक मिनिट झालं, दीड झालं. सेल्सच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असू दे."

बाहेर आला तो वेगळाच दिसत होता. "सायली, दार लावलं की काही ऐकू येत नाही. अगदी काही म्हणजे काहीच."

सायलीनं त्या मुलीला विचारलं, "पाणी?"

"मॅडम, महापालिकेची लाईन येणार आहे. २०२१मध्येच हा भाग हद्दीत आलाय ना."

"आत्ता काय आहे?"

"आत्ता टँकर. पण मेंटेनन्समध्येच धरलेलं आहे."

"निखिल, २०२५च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट कशानं वाढले होते?"

"ते नांदेड गाव, किरकटवाडी. इथे नव्हे."

"किती किलोमीटर?"

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. भांडण झालं नाही, पण लिफ्टच्या आरशात दोघं दोन टोकांना उभे राहिले. बारा मजले उतरायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी मला कळलं.

बावधनला पोहोचायला साडेपाच झाले. माझा हुकमाचा पत्ता. तयार फर्निचर, बंद पार्किंग, सागवानी देव्हारा. गेटपाशीच एक टँकर उभा, त्याच्या काळ्या पाइपातून जमिनीखालच्या टाकीत धो-धो पाणी पडत होतं. मी गाडी थोडी पुढे घेऊन लावली, पण उपयोग नव्हता. ती मागे वळून बघतच होती. वर गेलो, चार मिनिटांत उतरलो. वर्षभर बंद घराचा वास आणि पॉवर ऑफ ॲटर्नीचा मेहुणा, दोन्ही कुणालाच आवडले नाहीत. दोन्हीकडची दलाली तिथेच जिन्यात राहिली.

परतताना चांदणी चौकात सिग्नलसारखी शांतता. मी म्हटलं, पुढच्या रविवारी आंबेगाव करू, तिथे दोन चांगले आहेत.

"काका," निखिल मागून म्हणाला, "कर्वेनगरची ती बंद खोली. तिचं माप काय असेल?"

"नऊ बाय दहा असावी."

"दार सागवानी की फ्लश?"

"आठवत नाही."

"मला ती बघायचीये. आत उभं राहून."

सायलीनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "मला पण यायचंय. पण सकाळी. सहाला."

"सहाला?" मी म्हटलं. "अहो, मालक म्हातारे आहेत."

"नळ येतो तेव्हाच यायचंय."

मी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. आजोबांनी तिसऱ्या रिंगला उचलला. "हो, सकाळचेच ते. उद्या सहाला आले तर चालेल का? हो, पहाटेचेच सहा... नाही नाही, चहा नको. एकाला दार लावून बघायचंय आणि एकीला पाणी."

पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग आजोबा म्हणाले, "हिला विचारतो. ती खोली तिची आहे."