गोठ्याचे छत उंच व उष्णतारोधक करण्यासाठी मध्यम मुदत कर्ज मिळणेबाबत अर्ज

दिनांक : 5 जानेवारी 2026

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक,
शाखा महूद, ता. सांगोला, जि. सोलापूर

अर्जदार : दत्तात्रय शंकर जाधव, रा. महूद, ता. सांगोला
सहअर्जदार : सौ. मंगल दत्तात्रय जाधव
व्यवसाय : शेती व दुग्धव्यवसाय
मागणी : रु. 3,30,000 (अक्षरी रुपये तीन लाख तीस हजार फक्त), मुदत 5 वर्षे

महोदय,

मी गावच्या विकास सोसायटीचा सभासद असून माझे दुधाचे बिल आपल्याच शाखेतील खात्यावर जमा होते. माझ्या नावे 3 एकर 20 गुंठे जमीन आहे. गोठ्यात 12 संकरित होल्स्टीन जनावरे आहेत. त्यांपैकी 9 गाई सध्या दुधात, 1 आटलेली व 2 गाभण कालवडी. सर्वांच्या कानात बिल्ले आहेत आणि दुधातल्या गाईंचा विमा चालू आहे.

आमचा गोठा 60 फूट लांब व 24 फूट रुंद आहे. कोबा, गव्हाण, पाण्याची टाकी सर्व चांगल्या स्थितीत आहे. अडचण फक्त छताची. 2014 साली बांधताना पैसे कमी होते, म्हणून साधा पत्रा टाकला आणि कडेची उंची आठच फूट ठेवली. मार्च उजाडला की दुपारी हा पत्रा हात लावू देत नाही. तापलेला पत्रा खाली उभ्या जनावरांच्या पाठीवर उष्णता फेकत राहतो आणि उंची कमी असल्याने गरम हवा वर निघून न जाता आतच कोंडते. होल्स्टीन गाईला साधारण 25 अंशांपर्यंतची हवा मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, आणि पत्र्याखाली तर रात्री उशिरापर्यंत गारवा येत नाही.

त्याचा परिणाम थेट कॅनमध्ये दिसतो. गाय उन्हात धापा टाकते, रवंथ कमी करते, वैरण पुढ्यात असून खात नाही. रवंथ घटला की फॅटही उतरते, म्हणजे लिटर कमी आणि दरही कमी. मागच्या जानेवारीत रोजचे सरासरी दूध 117 लिटर होते, मे महिन्यात ते 84 लिटरवर आले. दोन गाई त्या काळात आटत आल्या होत्या, त्यामुळे सगळी घट उन्हाची असे मी म्हणणार नाही. पण मला जास्त घोर लागतो तो गाभण राहण्याचा. उन्हाळ्यात भरवलेल्या गाई पुन्हा पुन्हा उलटतात, आणि एक गाय तीन महिने उशिरा लागली तर पुढचे वेतही तीन महिने मागे पडते. मागच्या मे महिन्यात सात महिन्यांची एक गाभण गाय भर दुपारी खाली बसली. डॉक्टर आले तेव्हा तिला 106 ताप होता. गाय वाचली, पण तिने गाभ टाकला. त्या वेताचे दूध आणि वासरू दोन्ही गेले.

आजवर पत्र्यावर उसाचे पाचट टाकले, शेडनेट बांधले, चुना मारला. पाचट वळवाच्या वाऱ्याने उडते आणि आगीची भीती राहते. चुन्याने फरक पडतो, परंतु धूळ बसली आणि पहिला पाऊस झाला की तो संपतो. म्हणून आता छतच बदलायचे ठरवले आहे. कैच्या व खांब वाढवून कडेची उंची 12 फूट करायची, त्यावर 40 मिलिमीटर जाडीचे पफ पॅनेल बसवायचे (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम असलेले), आणि माथ्यावर गरम हवा बाहेर पडायला फट ठेवून तिच्यावर टोपी बसवायची. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असल्याने दुपारचे ऊन लांब बाजूंनी फारसे आत येत नाही, तेव्हा जागा किंवा दिशा बदलण्याची गरज नाही.

आधी स्वस्तातले पंखे व फॉगर बसवून पाहा, असे कोणी म्हणेल. दोन्ही मी यात धरले आहेत, पण छतानंतर. दुपारी लाइट गेली की पंखा थांबतो, आणि मे महिन्यात बोअरचे पाणी आधी जनावरांच्या पिण्याला लागते. पॅनेलला लाइटही लागत नाही आणि पाणीही. एप्रिलच्या कोरड्या हवेत फॉगरचा चांगला उपयोग होतो, जूनमध्ये दमट झाले की फक्त पंखे चालवायचे.

खर्चाचा अंदाज कोटेशनप्रमाणे असा :

खांब व कैच्या वाढवणे, वेल्डिंग : रु. 92,000
पफ पॅनेल, उतारासह 64 × 30 = 1,920 चौ. फूट, दर रु. 135 : रु. 2,59,200
माथ्याची टोपी, पन्हळ, स्क्रू, वाहतूक व बसवणी : रु. 52,800
पंखे, फॉगर, वायरिंग : रु. 36,000
एकूण : रु. 4,40,000

यापैकी रु. 1,10,000 मी स्वतः घालत आहे. ती रक्कम आपल्याच शाखेत ठेव म्हणून आहे. जुने पत्रे विकणार नाही, वैरणीच्या शेडला वापरणार आहे, म्हणून त्यांची किंमत यात धरलेली नाही.

परतफेडीचे सांगतो. वर्षाची सरासरी रोज 100 लिटर आणि हाती पडणारा दर रु. 33 धरला तर महिन्याला रु. 99,000 येतात. पेंड, वैरण, मुरघास, औषधपाणी, विमा व मजुरी मिळून रु. 68,000 जातात. उरलेल्या रु. 31,000 मधून घरखर्च भागवून हप्ता भरता येतो. व्याज 11 टक्के धरले तर हप्ता साधारण रु. 7,175 बसतो. दूध बिल दर दहा दिवसांनी जमा होते. प्रत्येक बिलातून रु. 2,400 परस्पर कपात करावी, तसे संमतीपत्र जोडले आहे. वरील हिशोबात छतामुळे वाढणारे दूध धरलेले नाही. उन्हाळ्यातली घट निम्मी जरी थांबली तरी शंभर दिवसांत जवळपास रु. 50,000 चे दूध वाचेल, पण हप्ता त्याच्या भरवशावर ठेवलेला नाही.

माझे पीक कर्ज सोसायटीमार्फत आहे आणि दरवर्षी 31 मार्चच्या आत भरणा केलेला आहे. 2021 मध्ये आपल्या शाखेतून दोन गाईंसाठी घेतलेले कर्ज मुदतीत फिटले असून त्याचा बेबाकी दाखला सोबत आहे. तारण म्हणून जमिनीवर बोजा चढवण्यास माझी व पत्नीची संमती आहे. सोसायटीचे दोन सभासद जामीन राहण्यास तयार आहेत.

कर्जाची रक्कम माझ्या हाती न देता टप्प्याटप्प्याने थेट पुरवठादाराच्या खात्यावर द्यावी. पहिला टप्पा खांब-कैच्यांसाठी, दुसरा पॅनेल गोठ्यावर पोहोचल्यावर, आणि शेवटचा आपल्या अधिकाऱ्यांनी काम पाहिल्यावर. कामाला तीन ते चार आठवडे लागतील. तेवढे दिवस जनावरे बाहेर झाडाखाली बांधावी लागणार, आणि ते फेब्रुवारीतच जमते. तरी जानेवारीअखेर स्थळपाहणी करून मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती. पाहणीला दुपारी दोनच्या सुमारास यावे, म्हणजे पत्र्याखालची स्थिती थंडीच्या दिवसांतही लक्षात येईल.

सोबत : 7/12 व 8-अ उतारा, आधार व पॅन, मागील 12 महिन्यांच्या दूध बिलांचा उतारा, जनावरांचे विमा कागद, पशुवैद्यकीय दाखला, कोटेशन, गोठ्याचा नकाशा व फोटो, बेबाकी दाखला, ठेवीची पावती, कपातीचे संमतीपत्र, जामीनदारांची कागदपत्रे.

आपला विश्वासू,
दत्तात्रय शंकर जाधव

सहअर्जदार,
सौ. मंगल दत्तात्रय जाधव