भूमिकेतील बदलाबाबत पत्र

मनुष्यबळ विभाग
जावक क्रमांक: मनुष्यबळ/भूमिकाबदल/47
दिनांक: 12 जून 2026

वैयक्तिक व गोपनीय

प्रति,
श्री. दिलीप शेवाळे
वरिष्ठ सुपरवायझर, डिस्पॅच विभाग
कर्मचारी क्रमांक 1183

विषय: 1 जुलै 2026 पासून ‘साठा नियंत्रण अधिकारी’ या पदावर नेमणूक, वेतन पूर्वीप्रमाणेच

महोदय,

मंगळवारी, 9 जून रोजी आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार कळवण्यात येते की, 1 जुलै 2026 पासून आपली नेमणूक डिस्पॅच विभागातून साठा नियंत्रण विभागात ‘साठा नियंत्रण अधिकारी’ या पदावर करण्यात येत आहे. आपला हुद्दा, कामाचे स्वरूप आणि वरिष्ठ बदलतील. श्रेणी, वेतन आणि कामाचे ठिकाण बदलणार नाही.

हा बदल का, ते चर्चेत सांगितले होतेच, पण कागदावरही असावे. आतापर्यंत गोडाऊनमधून माल बाहेर पाठवणारा विभागच शिल्लक मालाची मोजणीही करत आला. कामाचा पसारा लहान होता तोवर हे चालून गेले. यापुढे माल पाठवणे आणि माल मोजणे ही कामे वेगवेगळ्या हातांत राहतील, असे व्यवस्थापनाने ठरवले आहे. मोजणीच्या बाजूला असा माणूस हवा होता, ज्याला चलानावरचा आकडा आणि रॅकवरचा माल यांत फरक नेमका कुठे पडतो हे अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून आपली निवड झाली. आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार किंवा चौकशी नाही आणि ही शिस्तभंगाची कारवाई नाही. अशा बदलांबाबत कँटीनमध्ये नाना तर्क लढवले जातात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

कामाचे स्वरूप

गाड्यांचे नियोजन, वाहतूकदारांचा पाठपुरावा, लोडिंगवरील देखरेख आणि गेटपासवर सही करणे ही कामे 30 जूनच्या कामकाजाअखेर आपल्याकडून काढून घेण्यात येतील. गेटपासचा शिक्का त्याच दिवशी श्री. मोरे यांच्याकडे जमा करावा. 1 जुलैपासून आपल्या सहीचा गेटपास सुरक्षा विभाग ग्राह्य धरणार नाही. घाईच्या वेळी कोणी ‘एवढी एकच सही करा’ म्हटले, तरी ती करू नये.

नव्या पदावर आपले मुख्य काम शिल्लक मालाची फिरती मोजणी करणे हे राहील. दररोज ठरावीक रॅक निवडून प्रत्यक्ष माल मोजायचा, संगणकातील शिल्लक आकड्याशी ताडून पाहायचा आणि तफावत आढळल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत कारणासह लेखी अहवाल द्यायचा. मोजणी करणाऱ्याच्या हातातील तक्त्यावर संगणकातील आकडा छापलेला नसावा. तो समोर असला की मोजणी आपोआप त्या आकड्यापाशीच येऊन थांबते. याशिवाय परत आलेल्या मालाची तपासणी करून तो विक्रीयोग्य, दुरुस्तीयोग्य की बाद हे ठरवणे, दीर्घकाळ पडून असलेल्या मालाची मासिक यादी देणे, फेरखरेदीची पातळी सुचवणे आणि तिमाहीअखेरच्या पूर्ण साठामोजणीचे नियोजन करणे ही कामे आपल्याकडे राहतील. साठा विभागातील दोन्ही लिपिक आपल्या हाताखाली काम करतील.

संगणकातील शिल्लक दुरुस्त करण्याची नोंद आपण प्रस्तावित करू शकाल, पण तिला मंजुरी देण्याचा अधिकार लेखा विभागप्रमुखांकडे राहील. ज्याने मोजले त्यानेच आकडा बदलला, असा प्रश्न पुढे आपल्यावरही येऊ नये, हा यामागचा हेतू आहे.

वरिष्ठ

सध्या आपण कारखाना व्यवस्थापक श्री. मोरे यांना रिपोर्ट करता. 1 जुलैपासून आपण लेखा विभागप्रमुख श्रीमती वैशाली नाईक यांना रिपोर्ट कराल. रजा, दौरा आणि खर्चाची मंजुरी तसेच वार्षिक मूल्यमापन त्यांच्याकडे राहील. आपली बसण्याची जागा मात्र गोडाऊनमध्येच असल्यामुळे श्री. मोरे यांच्याशी रोजचा संबंध येणारच. दोन साहेबांच्या कात्रीत सापडण्याचा धोका इथेच असतो. म्हणून 15 जुलैपर्यंत डिस्पॅच विभागाला आपल्याकडून माहिती लागल्यास ती जरूर द्यावी, पण कोणतेही काम श्रीमती नाईक यांच्या संमतीशिवाय स्वीकारू नये. मोजणीचा दिवस पुढे ढकलावा किंवा तफावत अहवालातून वगळावी, असे कोणत्याही विभागाने सुचवल्यास ते त्याच दिवशी त्यांच्या कानावर घालावे. श्री. मोरे यांना ही व्यवस्था मान्य आहे आणि या पत्राची प्रत त्यांनाही देण्यात येत आहे.

चालू मूल्यमापन वर्षातील 30 जूनपर्यंतच्या कामाचा अभिप्राय श्री. मोरे लेखी देतील आणि तो आपल्याला दाखवला जाईल. पुढील कामाचे मूल्यमापन श्रीमती नाईक करतील. नव्या कामाचे निकष त्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपल्याबरोबर बसून ठरवतील.

वेतन

मूळ वेतन, सर्व भत्ते, भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि वैद्यकीय विमा यांत कोणताही बदल नाही. चर्चेत आपण रात्रपाळी भत्त्याचा मुद्दा उपस्थित केला होता आणि तो रास्त होता. नवे काम कायम दिवसपाळीचे असल्यामुळे नियमानुसार तो भत्ता थांबतो आणि हातात येणारी रक्कम कमी होते. त्यामुळे मागील 12 महिन्यांत आपल्याला मिळालेल्या रात्रपाळी भत्त्याची मासिक सरासरी आता ‘विशेष भत्ता’ म्हणून दरमहा देण्यात येईल. जुलैच्या पगारपत्रकात ती स्वतंत्र ओळीत दिसेल.

जबाबदारी वाढते तर वेतनवाढ का नाही, हेही आपण विचारले होते. ही नेमणूक त्याच श्रेणीत असल्यामुळे सध्या वाढ देय नाही. नेहमीच्या वार्षिक वेतन आढाव्यात आपला विचार इतरांप्रमाणेच होईल. या पत्राद्वारे त्यापलीकडे कोणतेही आश्वासन देण्यात येत नाही.

आपली सेवा अखंड धरली जाईल. शिल्लक रजा, नोटीस कालावधी आणि मूळ नेमणूकपत्रातील इतर अटी कायम राहतील. नव्याने परिवीक्षा काळ लागू होणार नाही.

कामाचे हस्तांतरण

24 ते 30 जून या काळात प्रलंबित चलाने, वाहतूकदारांची न तपासलेली बिले आणि गोडाऊनच्या किल्ल्या यांची यादी करून कार्यभार सोपवावा. 30 जून रोजी सायंकाळी डिस्पॅच बंद ठेवून पूर्ण साठामोजणी होईल. ती लेखा विभागाचे कर्मचारी करतील, आपण आणि श्री. मोरे हजर राहाल आणि तक्त्यावर तिघांच्या सह्या होतील. तीच आपली आरंभीची शिल्लक. त्याआधीच्या तफावतींचा निपटारा लेखा विभाग स्वतंत्रपणे करेल. नव्या पदावरील आपल्या मूल्यमापनात त्या धरल्या जाणार नाहीत. संगणक प्रणालीचे प्रशिक्षण 2 आणि 3 जुलै रोजी कामाच्या वेळेत होईल.

या पत्रातील कोणत्याही बाबीवर हरकत किंवा शंका असल्यास सोमवार, 22 जूनपर्यंत माझ्याकडे लेखी द्यावी; तिचे उत्तर 1 जुलैपूर्वी लेखीच मिळेल. हरकत नसल्यास सोबतच्या प्रतीवर सही करून ती त्याच तारखेपर्यंत या विभागाकडे परत करावी.

आपला,

(सही)
प्रमुख, मनुष्यबळ विभाग

प्रत माहितीसाठी:
1. श्रीमती वैशाली नाईक, लेखा विभागप्रमुख
2. श्री. मोरे, कारखाना व्यवस्थापक
3. वेतन कक्ष (विशेष भत्त्याच्या नोंदीसाठी)
4. सुरक्षा विभाग (केवळ गेटपाससंबंधीचा परिच्छेद)

कर्मचाऱ्याची पोच व संमती

वरील पत्र मी वाचले असून त्यातील बदललेले काम, नवे वरिष्ठ आणि वेतनासंबंधीची माहिती मला समजली आहे. 1 जुलै 2026 पासून हे पद स्वीकारण्यास माझी संमती आहे. पत्राची एक प्रत मला मिळाली.

दिलीप शेवाळे
कर्मचारी क्रमांक 1183