आक्काच्या तेराव्याला चार शब्द

सगळे बसा जरा पाच मिनिटं, पंगत तयारच आहे, तात्या म्हणाले तू शिकलेला आहेस तू बोल, पण मला भाषण वगैरे येत नाही, मी आपलं मनातलं बोलतो.

आक्का अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन गेली. दारावर आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणाला की सोनं झालं, नातवंडं पतवंडं बघून गेली, रडू नका. मला पटत नाही ते. वय झालं म्हणून माणूस कमी आठवतं का? मी तर रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की तिच्या कॉटकडे बघतोय, आणि तिथं आता नुसती गुंडाळलेली गादी आहे.

पण जाणं म्हणजे काय हे मला खरं तर तिनंच दाखवलं. लहान पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, आपलं पळसदेव हे असं हायवेच्या कडेला नव्हतं. जुनं गाव भीमेच्या काठाला होतं, आक्का लग्न होऊन तिथंच आली, आत्या, तात्या, पप्पा सगळे तिथल्याच माळवदाच्या घरात जन्मले. मग उजनी धरण झालं, 1980 ला पूर्ण झालं ते, आणि गाव पाण्यात गेलं. लोकांनी स्वतःच्या हातानं स्वतःची घरं उतरवली. हा तुमच्या मागं दरवाजा आहे ना, तो जुन्या घराचा आहे, बैलगाडीत घालून आणलेला. आक्का सांगायची की शेवटच्या दिवशी तिनं चूल सारवली, जमीन सारवली, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं आणि मग निघाली. आत्या तेव्हा म्हणाली होती, अगं आई बुडणारच आहे तर कशाला सारवतीस. तर म्हणाली, आज तर आपलं हाय ना.

2024 च्या उन्हाळ्यात धरण पार मायनसमध्ये गेलं, पळसनाथाचं जुनं देऊळ पूर्ण उघडं पडलं आणि लांबलांबून लोक बघायला यायला लागले. आक्काला आम्ही घेऊन गेलो, थोडं गाडीत थोडं खुर्चीवर उचलून, भेगाळलेला गाळ सगळा. देवळाचे दगड तसेच उभे, बाकी कुठं काय कळत नव्हतं, पण तिनं काठी दाखवत दाखवत आपलं जोतं बरोबर शोधलं. हितं देवळी होती, हितं तुझा बाप पडला होता. रडली ती, चांगली ओक्साबोक्शी रडली, आम्ही कोणी अडवलं नाही. मग मी एक दगड उचलला, म्हटलं आक्का हा घरी नेऊ, तुळशीपाशी ठेवू. ती म्हणाली, "ठेव खाली. पाऊस झाला की पाणी येतंय परत. त्याची जागा हाय ती." मला तेव्हा थोडा रागच आला खरं सांगतो, एवढी हौसेनं उचललेली वस्तू. त्याच पावसाळ्यात धरण भरलं, सगळं परत खाली गेलं.

आणि परवा सावडल्यावर आपण होडीतून अस्थी सोडल्या तेव्हा होडीवाल्यानं विचारलं की कुठं सोडायच्या, आणि तात्यांनी काही न बोलता देवळाच्या दिशेला हात केला. खाली तेच घर आहे. ती परत सासरी गेली असं मला वाटलं, तात्या तुम्हाला काय वाटलं माहीत नाही, पण तुमचा हात थरथरत होता.

दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा पाऊण तास आपण उन्हात उभे, कोणी म्हणालं धाकटीच्या लग्नाचं मनात असेल, कोणी काय, शेवटी तात्या म्हणाले "आक्का, तुझी गाय इकणार नाही" आणि लगेच कावळा आला. मी या गोष्टी फार मानणाऱ्यातला नाही. पण गाय म्हातारी आहे, तीही दोनचार वर्षांची सोबती आहे, आणि तरी त्या दिवसापासून तात्या तिला स्वतः वैरण टाकतात, आधी गडी टाकायचा. हे मला आक्काच्या सारवण्यासारखंच दिसतं. जाणार आहे म्हणून हात काढून घ्यायचा नाही.

रमाला सांगतो, बाळा तू विचारलंस ना आक्का कुठं गेली, मला त्याचं उत्तर येत नाही. पण ती कशी होती ते विचार, ते इथला प्रत्येकजण सांगेल.

एक काम आहे फक्त. आक्काची लुगडी आत्यानं धुवून आतल्या खोलीत पेटीवर काढून ठेवलीत. अकरा आहेत. पेटीत परत ठेवायची नाहीत असं ठरलंय, गोधड्या शिवायच्या आहेत, पोरं पांघरतील, फाटतील तर फाटू देत. जेवणं झाली की बायकांनी आत या, ज्यांना शिवता येतं त्यांनी सुया आणल्यात का बघा. चला, पानं मांडा, पहिलं पान गाईचं काढा.