पूर्ण अर्थसाहाय्याच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी प्रेरणापत्र

प्रति,
निवड समिती,
औष्णिक ऊर्जा व शीतकरण अभियांत्रिकी, पदव्युत्तर शिष्यवृत्ती विभाग

विषय : दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळण्याबाबत

माननीय समिती सदस्य,

मी यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर आहे आणि गेली दोन वर्षे एका मोठ्या शीतगृहात देखभाल अभियंता म्हणून काम करते आहे. नोकरीला लागून पाच महिने झाले होते, तेव्हाची एक गोष्ट आधी सांगते. मी हा अर्ज का करते आहे ते त्यातून कळेल.

आमचा प्लांट अमोनियावर चालतो. त्या दिवसांत कंडेन्सरचा दाब हळूहळू चढत होता आणि त्याबरोबर विजेचा खर्चही. सगळ्यांचे उत्तर एकच होते : उन्हाळा आहे, दाब वाढणारच. मला ते पटत नव्हते, कारण कंडेन्सरला येणारे पाणी तेवढे तापलेले नव्हते. एका रविवारी परवानगी घेऊन मी कॉम्प्रेसर बंद ठेवला, कंडेन्सर बाकीच्या प्लांटपासून वेगळा केला आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान सारखे होईपर्यंत पाणी फिरवत ठेवले. ते ३२ अंशांवर स्थिरावले. या तापमानाला शुद्ध अमोनियाचा दाब गेजवर साधारण ११.४ बार दिसायला हवा. गेज १३.५ दाखवत होते. वरचे दोन बार अमोनियाचे नव्हतेच. आत हवा शिरली होती.

हवा कुठून येत असेल, हे शोधायला आणखी चार दिवस लागले. ब्लास्ट फ्रीझरची बाजू उणे ४० अंशांवर चालते. अमोनियाचा उत्कलनबिंदू वातावरणीय दाबाला उणे ३३ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्या बाजूचा दाब वातावरणापेक्षा कमी राहतो. तिथे गळती झाली तर अमोनिया बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे वासही येत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एका व्हॉल्व्हचे ग्लँड पॅकिंग झिजले होते. ते बदलले, कंडेन्सरमधली हवा पर्ज केली आणि दाब जागेवर आला. आमच्या ज्येष्ठ ऑपरेटरनी त्या आठवड्यापासून ही चाचणी दर तीन महिन्यांनी लॉगशीटवर लिहायला सुरुवात केली. त्यांच्या त्या नोंदीचा मला पदवीच्या गुणांहून जास्त अभिमान वाटतो.

पदवीचे गुण समितीसमोर आहेतच, त्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट करते. दुसऱ्या वर्षी उष्मागतिकीत माझा बॅकलॉग राहिला होता. मी सूत्रे पाठ केली होती, पण एंट्रॉपी म्हणजे नेमके काय हे मला कळलेले नव्हते. तो विषय पुन्हा देताना मी पहिल्यांदाच प्रत्येक उदाहरणाची आकृती स्वतः काढली आणि काम कुठे वाया जाते ते तिच्यात शोधायला शिकले. पुढे ऐच्छिक विषय म्हणून शीतकरण निवडले, ते त्यामुळेच.

शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पात आम्ही तिघांनी आर-१३४ए वर चालणाऱ्या छोट्या फ्रीजमध्ये प्रोपेन, म्हणजे आर-२९०, वापरून पाहिला. सुरुवातीला कॉम्प्रेसर तापून ओव्हरलोडवर बंद पडायचा. तेवढ्याच आकारमानाच्या वाफेत प्रोपेन जास्त उष्णता वाहून नेतो, त्यामुळे जुना कॉम्प्रेसर त्याला मोठा पडत होता. आम्ही लहान कॉम्प्रेसर बसवला, केशनलिकेची लांबी पुन्हा ठरवली आणि दोन आठवडे नोंदी घेतल्या. विजेचा वापर ६ टक्क्यांनी कमी दिसला. पण आमच्या मोजमापाची अनिश्चितता ५ टक्के निघाली. अहवालात मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि बचत झाल्याचा ठाम दावा केला नाही. सादरीकरणात ते फिके पडले, तरी आजही मी तो अहवाल तसाच लिहीन.

मला पुढे ज्या प्रश्नावर काम करायचे आहे, तो या दोन अनुभवांतून तयार झाला आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर एचएफसी रेफ्रिजरंटचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. अमोनिया विषारी आहे, प्रोपेन ज्वलनशील. कार्बन डायऑक्साइडमध्ये हे दोन्ही दोष नाहीत. गुस्ताव लोरेंत्सेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा शीतकरणातला वापर पुन्हा पुढे आणला तो उगाच नव्हे. अडचण अशी की त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंशांवर आहे, ७३.८ बार दाबाला. बाहेरचे तापमान त्याहून वर गेले की तो कंडेन्स होत नाही, नुसता थंड होत जातो, आणि विस्तारावेळी वाया जाणारे काम खूप वाढते. म्हणजे थंडाव्याची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच हे तंत्र सर्वांत महाग पडते. ही तूट इजेक्टरने किती भरून निघते, आणि भार दिवसभर बदलत असताना त्याचे नियंत्रण कसे करायचे, हे मला शिकायचे आहे. स्थिर भाराचे निष्कर्ष मी वाचले आहेत, पण आमच्या शीतगृहात भार कधीच स्थिर नसतो : दार उघडले की तो बदलतो, गरम माल आत आला की बदलतो, डीफ्रॉस्ट सुरू झाले की पुन्हा बदलतो.

आपल्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात नैसर्गिक रेफ्रिजरंट हा स्वतंत्र विषय आहे आणि शेवटचे संपूर्ण सत्र प्रयोगशाळेतील प्रबंधासाठी राखलेले आहे. शंभर बारच्या वर सुरक्षितपणे चालणारा चाचणी संच मला आजवर हाताळायला मिळालेला नाही. प्रबंधासाठी मी बदलत्या भाराखालील इजेक्टर हाच विषय मांडणार आहे. संगणकीय प्रवाह विश्लेषणात मी कच्ची आहे, हेही सांगायला हवे. त्यासाठी गेल्या सहा महिन्यांपासून कामानंतर ओपनफोम शिकते आहे आणि एकमितीय इजेक्टरचे माझे पहिले प्रारूप चालू झाले आहे.

खर्चाबद्दल थेट लिहिते. माझ्या पगारावर घर चालते आणि शैक्षणिक कर्जाचे दोन वर्षांचे हप्ते अजून बाकी आहेत. शिक्षणशुल्क, प्रवास आणि राहण्याचा खर्च यांपैकी एखादाच भाग मिळाला, तर मला येणे शक्य होणार नाही. म्हणूनच मी फक्त पूर्ण शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे.

शिक्षणानंतर मला शीतगृहांच्याच क्षेत्रात परतायचे आहे, यावेळी रचनाकार म्हणून. जुने प्लांट बदलताना मालक विचारतात की उन्हाळ्यात याचे वीजबिल किती येईल. कार्बन डायऑक्साइडच्या प्लांटबद्दल आज मी त्यांना भरवशाचा आकडा देऊ शकत नाही. तो मोजून देता यावा, एवढी तयारी करून मला परतायचे आहे.

गुणपत्रिका, प्रकल्प अहवाल, कंडेन्सर चाचणीच्या नोंदी आणि दोन शिफारसपत्रे सोबत जोडली आहेत. मुलाखतीसाठी आपण सांगाल त्या वेळी मी उपलब्ध राहीन.

आपली नम्र,
अर्जदार
(यंत्र अभियांत्रिकी पदवीधर)