क्वालिटी इन्स्पेक्टर (फ्रेशर) या जागेसाठी अर्ज

वडणगे, ता. करवीर, जि. कोल्हापूर
दिनांक : ७ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग,
फौंड्री व मशीन शॉप,
शिरोली एमआयडीसी, पुलाची शिरोली,
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर

विषय : शिवाजी उद्यमनगरातील फलकावरच्या जाहिरातीनुसार क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी अर्ज

महोदय,

स. न. वि. वि.

मंगळवारी, ५ तारखेला, काकांच्या पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग आणायला उद्यमनगरात गेले होते. दुकानाबाहेरच्या फलकावर तुमची जाहिरात दिसली. पाऊस भुरभुरत होता, म्हणून घाईत मोबाइलवर फोटो काढला आणि निघाले. रात्री फोटो मोठा करून वाचायला बसले तेव्हा कळलं की खालच्या दोन ओळींवर कुणीतरी रक्तदान शिबिराचं पत्रक चिकटवलंय, आणि प्लास्टिकच्या कव्हरवर ट्यूबलाइटची चमक पडून ‘अनुभव’ या शब्दापुढचा आकडा पुसला गेलाय. ‘१ वर्ष’ एवढंच वाचता येत होतं. त्याच्या आधी शून्य आहे, दहा आहे की काहीच नाही, ते कळायला मार्ग नव्हता. घरात प्रत्येकाने आपापला अंदाज सांगितला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्यमनगरात गेले. दुकानदारांना विचारून पत्रकाची कड उचलली आणि पूर्ण मजकूर वहीत उतरवून घेतला : ‘अनुभव ० ते १ वर्ष, फ्रेशर चालेल. अर्ज स्वहस्ताक्षरात, बायोडाटासह, गेटवर सिक्युरिटीकडे द्यावा. शेवटची तारीख ९ ऑगस्ट.’ म्हणून हा अर्ज हाताने लिहून आणला आहे. त्या फलकावर फौंड्रीचीच आणखी एक जाहिरात होती, तेव्हा घोटाळा नको म्हणून फोटोची प्रिंट सोबत लावली आहे.

मी यंदाच्या उन्हाळी परीक्षेत मेकॅनिकल डिप्लोमा पास झाले. शेवटच्या वर्षाचे गुण ६८.४० टक्के. दुसऱ्या वर्षी गणिताचा एक विषय राहिला होता, तो पुढच्याच परीक्षेत काढला. गुणपत्रकात दिसेलच, पण आधी सांगितलेलं बरं. नोकरीचा अनुभव नाही. फौंड्रीत तर एकदाच गेले आहे, कॉलेजच्या भेटीत, आणि ओतकाम चालू असताना आम्हाला पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबवलं होतं. त्यामुळे मला फौंड्री येते असं मी म्हणणार नाही. तिथल्या रिजेक्शनच्या टेबलावर मात्र आम्हाला बराच वेळ मिळाला. ब्लो होल, कोल्ड शट, श्रिंकेज हे पुस्तकात चित्रांत पाहिलेलं होतं, तिथे तुटलेल्या कास्टिंगवर बोट फिरवून पाहिलं. वाळूत ओलावा जास्त झाला की वाफ अडकून भोकं पडतात हे परीक्षेत लिहिलं होतं. पण तिथल्या सॅंड लॅबमधल्या काकांनी मूठभर वाळू दाबून मोडून दाखवली, तेव्हा त्या ओळीचा अर्थ लागला.

तुमच्या जाहिरातीत व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज आणि ड्रॉइंग वाचन असं मागितलं आहे. ही चारही कामं मी चौथ्या सेमिस्टरनंतरच्या सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगमध्ये रोज केली. ते एका छोट्या मशीन शॉपमध्ये होतं, सीएनसीवरून आलेले बुश मोजून रजिस्टरला चढवायचे. हाइट गेज सरफेस प्लेटवर वापरला, बोअर डायल गेज थोडा, सीएमएम फक्त लांबून पाहिला.

तिथलीच एक गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी चाळीस बुशचा बाहेरचा व्यास मोजला आणि त्यातले एकतीस मापापेक्षा जास्त भरले. फार नाही, दोन शतांश मिलिमीटर, पण टॉलरन्सच्या बाहेर. मी लाल खडूने फुल्या मारल्या, रजिस्टरला नोंद केली आणि ऑपरेटरला जाऊन सांगितलं. त्याने मशीन थांबवली. सुपरवायझर आले, त्यांनी बुश हातात घेतलाच नाही. मायक्रोमीटर घेतला, दोन्ही तोंडं मिटवली आणि माझ्यापुढे धरला. शून्यावर शून्य नव्हतं. काहीच धरलेलं नसताना ०.०२ दाखवत होता. “शून्य बघितलंस काय?” एवढंच विचारलं. नव्हतं बघितलं. तोंडं कागदात धरून पुसली, तरी फरक तसाच राहिला, म्हणजे मळ नव्हता, शून्यच सरकलेलं होतं. मायक्रोमीटर सेट करून चाळीसच्या चाळीस बुश पुन्हा मोजले. एकतीसपैकी एकोणतीस बरोबर निघाले, दोन खरंच बाद होते. जुनी नोंद खोडली नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारून, खाली कारण लिहून सही केली. तसं करायचं असतं हेही त्याच दिवशी कळलं. मशीन पंचवीस मिनिटं बंद राहिली होती, आणि ऑपरेटर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं.

तेव्हापासून मोजायला बसण्याआधी शून्य पाहते आणि त्याची वेगळी नोंद करते. उरलेल्या तीन आठवड्यांच्या माझ्या पानांवर पहिल्या ओळीत वेळ आणि शून्य लिहिलेलं आहे. सुपरवायझरांच्या परवानगीने त्यातल्या दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे. पार्टचं नाव आणि नंबर झाकला आहे, कारण तो माल त्यांच्या गिऱ्हाइकाचा.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांत मिळून केला : सहा भोकांच्या फ्लॅंजसाठी ड्रिल जिग. वेल्डिंग आणि फिटिंग मुलांनी केलं, ड्रॉइंग आणि तपासणी माझ्याकडे होती. पहिल्या ट्रायलला भोकं सरकली, बुश सैल बसला होता. २० एच७ म्हणजे २०.००० ते २०.०२१ हे पाठ असणं वेगळं आणि तेवढ्या फटीत बुश बसवणं वेगळं, हे आम्हाला तिथे कळलं. दुसऱ्यांदा रीमर मारून घेतल्यावर जमलं. एक्सेलमध्ये मोजमापाचा तक्ता आणि साधा आलेख करता येतो. फॉर्म्युले जास्त येत नाहीत, बेरीज, सरासरी आणि मोठ्यात मोठं-लहानात लहान एवढे वापरते.

आणखी एक काम केलंय, बायोडाट्यात ते कुठल्या रकान्यात घालावं कळलं नाही. काकांचं गुऱ्हाळ आहे. गेले दोन हंगाम रविवारी आणि सुट्टीला गुळाची वजनं लिहायला मी बसते. तीस किलोचा रवा साच्यातून निघाला की काट्यावर घालायचा आणि आकडा लिहायचा. कामगार म्हणायचे, तीसच लिही की, साचा तोच हाय. पण साचा तोच असला तरी रवा तेवढाच भरतो असं नाही. कधी पाव किलो कमी, कधी जास्त. जे काट्यावर दिसलं तेच लिहिलं. काकांना सुरुवातीला तो कीस काढणं वाटायचं. मग मार्केट यार्डातल्या अडत्याची पट्टी आणि आमची वही एकदा शेजारी ठेवून बघितली, आणि तेव्हापासून वही तेच मागतात. गुळव्या काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून, त्याची गोळी भांड्यावर वाजवून पाक झाला की नाही सांगतो. ती नजर मला नाही, यायला वीस वर्षं लागतील. मला काटा वाचता येतो.

आता अडचणीच्या गोष्टी, म्हणजे मुलाखतीत वेळ जायला नको.

जाहिरातीत ‘शिफ्ट ड्युटी’ लिहिलं आहे, आणि मुलगा की मुलगी याबद्दल काही लिहिलेलं नाही. म्हणून मी अर्ज करते आहे. पहिली आणि दुसरी पाळी करायची माझी तयारी आहे, घरच्यांशी बोलून झालं आहे. रात्रपाळीत मुली असतात का, गाडीची सोय असते का, हे मला आधी कळलं तर बरं होईल. नसेल तर तसं सांगावं, मी अंधारात ठेवून नोकरी धरणार नाही. वडणग्याहून मी माझ्या मोपेडवर येईन. पुराच्या दिवसांत आमच्याकडचे रस्ते बंद होतात, २०१९ आणि २०२१ ला आम्हालाही घर सोडावं लागलं होतं. त्यासाठी मावशीकडे नागावला राहायची सोय केली आहे. नागाव नदीच्या शिरोलीच्याच बाजूला, त्यामुळे महामार्ग पुलापाशी बंद झाला तरी मला कामावर येता येईल.

इंग्रजी ड्रॉइंग आणि रिपोर्ट वाचता येतात, लिहिता येतं. बोलताना अडखळते. गिऱ्हाइकाचे ऑडिटर आले तर पहिल्या दिवशी मला त्यांच्यापुढे उभं करू नये, सहा महिन्यांनी करावं.

पगाराच्या ओळीत तुम्ही ‘योग्यतेनुसार’ लिहिलं आहे. योग्यता कागदावरून कळत नसते, तेव्हा माझी एक विनंती आहे. मुलाखतीच्या वेळी तुमच्याकडचे दहा पार्ट, त्यांचं ड्रॉइंग आणि एक मायक्रोमीटर माझ्यासमोर ठेवावा. दहांत तुम्हाला माहीत असलेले बाद पार्ट मिसळावेत. अर्ध्या तासात मी तपासून, नोंद करून देईन. ती नोंद बघून पगार ठरवावा किंवा घरी पाठवावं. मायक्रोमीटरचं शून्य मुद्दाम सरकवून ठेवलंत तरी चालेल.

मी सोमवार, ११ ऑगस्टपासून रुजू होऊ शकते. मुलाखतीला कधीही बोलवावं, सकाळी आठच्या आधी निरोप आला तर त्याच दिवशी येईन. मोबाइल नंबर बायोडाट्याच्या पहिल्या ओळीत आहे. तो माझाच आहे, घरचा नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
कु. स्नेहल बाबासो पाटील

सोबत : बायोडाटा, डिप्लोमाची गुणपत्रकं (तिन्ही वर्षांची), ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, तपासणी रजिस्टरच्या दोन पानांची झेरॉक्स, जाहिरातीच्या फोटोची प्रिंट.

ता. क. – फलकावरच्या तुमच्या जाहिरातीची शेवटची तारीख त्या पत्रकाखालीच आहे. मी कड उचलून वाचलं आणि परत होतं तसं केलं, कारण रक्तदान शिबिर १० तारखेला आहे, ते झाकणं बरं दिसलं नसतं. दुकानदार म्हणाले, तुमच्याकडून कुणी आलं तर जाहिरात वरच्या कोपऱ्यात लावून देतो, तिथे जागा आहे.