चुकून तुमच्या नंबरवर गेलेल्या मेसेजबद्दल

नमस्कार. तुम्ही दादा आहात की ताई, मला माहीत नाही. आज रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी या नंबरवरून तुम्हाला रिपोर्टच्या दोन पानांचे फोटो, एक लांबलचक व्हॉइस मेसेज आणि त्याखाली पैशांबद्दल लिहिलेला मजकूर आला. तो माझ्या मोठ्या बहिणीसाठी होता. तुमचा "कोण?" आला तेव्हा कळलं की नंबरच चुकला. मनापासून माफी मागते.

ताईने मागच्या आठवड्यात नवीन नंबर घेतला. बाबांनी तो त्यांच्या डायरीत मराठी आकड्यांत लिहून ठेवला होता, त्यावरूनच मी सेव्ह केला. बाबांचा १ खाली असा वळतो की मी तो ९ वाचला. एका आकड्याने घरातली गोष्ट तुमच्या फोनवर गेली.

लगेच डिलीट करायला गेले, पण हात थरथरत होते आणि घाईत Delete for everyone च्या ऐवजी Delete for me दाबलं गेलं. ते परत घ्यायला खाली दोन-चार सेकंद Undo येतं, तेही निघून गेलं. आता माझ्या फोनवर ते मेसेज दिसत नाहीत, तुमच्याकडे मात्र आहेत, आणि मला इथून काही करता येत नाही. म्हणून तुम्हाला विनंती करून राहिले.

रिपोर्ट माझ्या बाबांचा आहे. त्यावर त्यांचं पूर्ण नाव, वय, घरचा पत्ता, सगळं आहे. आत काय लिहिलंय ते बाबांना अजून माहीत नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, तेव्हा ताई चंद्रपूरहून येईल आणि आम्ही दोघी बाजूला बसून त्यांना सांगू, असं ठरलं आहे. तुमच्या प्रोफाइल फोटोत मागे फुटाळा दिसला, म्हणजे तुम्ही नागपूरचेच असाल. बाबांनी इथे ३४ वर्षं शाळेत शिकवलं. सकाळी रेशीमबागेत फिरायला जातात तर चार पावलांवर कोणीतरी "सर" म्हणून थांबवतं. महालातली गोष्ट सक्करदऱ्यात पोचायला आपल्याकडे वेळ लागत नाही. त्यांना हे मैदानावर कोणा तिसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढंच माझ्या मनात आहे. तुम्ही सांगाल असं म्हणत नाही हो, पण फोन घरात चार जण हाताळतात.

तर कृपा करून ते चारही मेसेज काढून टाका. एकावर बोट दाबून धरा, बाकीचे निवडा आणि वरच्या डब्याच्या चिन्हावर जा. फोनमधली फाइलही काढायची का असं विचारलं तर त्यावर टिक करा. फोटो बरेचदा आपोआप गॅलरीत उतरतात, म्हणून गॅलरीत WhatsApp Images मध्येही एकदा बघा. तिथून काढलेला फोटो बरेच दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतो, तोही रिकामा केला तर फार बरं होईल. अनोळखी माणसाला एवढं काम सांगणं जास्त होतंय, कळतं मला. आणि "हे कोणाचं आहे बघ" म्हणून तुम्ही कोणाला पुढे पाठवलं असेल तर त्यात तुमची काहीच चूक नाही. फक्त त्यांनाही काढायला सांगा.

व्हॉइस मेसेज ऐकला असेल तर त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. मी रडून राहिले होते, ताईशी बोलावं तसं बोलले. रात्रीच्या वेळी परक्या माणसाच्या कानावर असं काही पडायला नको होतं. ऐकला नसेल तर ऐकू नका, तसाच काढा.

हल्ली राँग नंबर म्हणून फसवणाऱ्यांचे मेसेज येतात, तुम्हाला शंका आली तर बरोबरच आहे. मी कोणती लिंक पाठवणार नाही, ओटीपी मागणार नाही, पैशांची गोष्ट काढणार नाही. फोन करूनच माफी मागितली असती, पण बाबा बाजूच्या खोलीत झोपले आहेत आणि त्यांची झोप सावध आहे. तुम्हाला बोलायचंच असेल तर उद्या सकाळी ७ ते ८ मध्ये करा, तेव्हा ते मैदानावर असतात.

काढून झालं की फक्त "काढलं" एवढं लिहा. त्याशिवाय आज मला झोप लागणार नाही. मग मीही तुमचा नंबर माझ्या फोनमधून काढते.

वैशाली
मानेवाडा, नागपूर