एकत्रीकरणाची योजना : वारणाकाठ ओतकाम प्रायव्हेट लिमिटेड आणि करवीरभूमी यंत्रभाग लिमिटेड (मूळ इंग्रजी योजनेचा मराठी अनुवाद)

कंपनी अधिनियम, २०१३ ची कलमे २३० ते २३२ आणि त्यांखालील नियम यांनुसार

भाषांतरकाराचे निवेदन

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने बोलावण्याचा आदेश दिलेल्या सभांच्या सूचनेसोबत हा अनुवाद दोन्ही कंपन्यांच्या भागधारकांना व कामगारांना दिला जात आहे. अनुवाद आणि मूळ यांत तफावत आढळल्यास इंग्रजी मूळच ग्राह्य धरावे. ‘नियत दिनांक’ आणि ‘अंमल दिनांक’ हे दोन शब्द संपूर्ण मजकुरात केवळ खाली व्याख्या केलेल्या अर्थानेच वापरले आहेत. बोलताना आपण दोन्हींना ‘विलीनीकरणाची तारीख’ म्हणून मोकळे होतो, पण तो शब्दप्रयोग येथे जाणीवपूर्वक टाळला आहे, कारण हिशेब एका तारखेपासून धरले जातात आणि हक्क दुसऱ्या तारखेला हाती येतात.

भाग एक : व्याख्या आणि भांडवल

१.१ ‘हस्तांतरक कंपनी’ म्हणजे वारणाकाठ ओतकाम प्रायव्हेट लिमिटेड, आणि ‘हस्तांतरिती कंपनी’ म्हणजे करवीरभूमी यंत्रभाग लिमिटेड. दोन्हींची नोंदणीकृत कार्यालये कोल्हापूर जिल्ह्यात आहेत.

१.२ ‘नियत दिनांक’ म्हणजे १ एप्रिल २०२४, त्या दिवसाच्या प्रारंभापासून.

१.३ ‘अंमल दिनांक’ म्हणजे ही योजना मंजूर करणाऱ्या न्यायाधिकरणाच्या आदेशाची प्रमाणित प्रत दोन्ही कंपन्यांनी पुणे येथील कंपनी निबंधकांकडे नमुना आयएनसी-२८ मध्ये दाखल केल्याचा दिवस. दोन्ही कंपन्यांनी प्रती वेगवेगळ्या दिवशी दाखल केल्यास त्यांतील नंतरचा दिवस. ‘ही योजना अंमलात आल्यावर’ अशा अर्थाचे सर्व उल्लेख अंमल दिनांकाचे समजावेत.

१.४ ‘नोंद दिनांक’ म्हणजे नवीन समभाग मिळण्यास पात्र भागधारक ठरवण्यासाठी हस्तांतरिती कंपनीचे संचालक मंडळ अंमल दिनांकानंतर निश्चित करील तो दिवस.

१.५ नियत दिनांकास हस्तांतरक कंपनीचे वसूल भांडवल प्रत्येकी १० रुपयांच्या, पूर्ण भरणा झालेल्या १२,००,००० समभागांचे, म्हणजे १,२०,००,००० रुपये होते. त्यांपैकी २,००,००० समभाग हस्तांतरिती कंपनीकडे आहेत. हस्तांतरिती कंपनीचे वसूल भांडवल प्रत्येकी १० रुपयांच्या, पूर्ण भरणा झालेल्या ५०,००,००० समभागांचे, म्हणजे ५,००,००,००० रुपये होते. या भांडवलात त्यानंतर बदल झालेला नाही.

भाग दोन : उपक्रमाचे हस्तांतरण

२.१ ही योजना अंमल दिनांकास अंमलात येईल, मात्र अधिनियमाच्या कलम २३२(६) नुसार ती नियत दिनांकापासून प्रभावी असल्याचे मानले जाईल. त्यानुसार हस्तांतरक कंपनीचा संपूर्ण उपक्रम, म्हणजे तिची जमीन, भट्ट्या, साचे, यंत्रसामग्री, माल, येणी, परवाने, करार, कर्जे आणि इतर सर्व देणी, कोणतेही वेगळे हस्तांतरणपत्र न करता, चालू उपक्रम म्हणून हस्तांतरिती कंपनीकडे निहित होईल. मालमत्तेवरील विद्यमान बोजे त्या त्या मालमत्तेपुरतेच राहतील. हस्तांतरिती कंपनीच्या इतर मालमत्तेवर ते पसरणार नाहीत.

२.२ नियत दिनांकापासून अंमल दिनांकापर्यंत हस्तांतरक कंपनी आपला व्यवसाय हस्तांतरिती कंपनीच्या वतीने व तिची विश्वस्त म्हणून चालवीत असल्याचे मानले जाईल, आणि त्या काळातील नफा, तोटा, खर्च व भरलेले कर हस्तांतरिती कंपनीचे समजले जातील.

२.३ अंमल दिनांकास हस्तांतरक कंपनीच्या सेवेत असलेले सर्व कामगार व कर्मचारी, सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी लाभदायक नसतील अशा अटींवर, हस्तांतरिती कंपनीचे कर्मचारी होतील. उपदान आणि भविष्य निर्वाह निधी यांसाठी त्यांची पूर्वीची सेवा धरली जाईल.

२.४ हस्तांतरक कंपनीने दाखल केलेली किंवा तिच्याविरुद्ध प्रलंबित असलेली कोणतीही कायदेशीर कार्यवाही या योजनेमुळे रद्द होणार नाही. ती हस्तांतरिती कंपनीच्या नावे पुढे चालेल.

भाग तीन : मोबदला आणि समभाग विनिमय प्रमाण

३.१ ही योजना अंमलात आल्यावर, नोंद दिनांकास हस्तांतरक कंपनीच्या सभासद नोंदवहीत नाव असलेल्या प्रत्येक भागधारकाला, हस्तांतरिती कंपनी स्वतः वगळता, पुढील प्रमाणात समभाग दिले जातील :

‘हस्तांतरक कंपनीच्या प्रत्येकी १० रुपयांच्या, पूर्ण भरणा झालेल्या दर ५ (पाच) समभागांमागे हस्तांतरिती कंपनीचे प्रत्येकी १० रुपयांचे, पूर्ण भरणा झालेले ७ (सात) समभाग.’

[भाषांतरकाराची टीप : मूळ इंग्रजी वाक्यात मिळणारे समभाग आधी आणि धारण केलेले नंतर येतात; मराठीत क्रम उलटा करणे स्वाभाविक असल्याने ‘कोणत्या कंपनीचे’ हे दोन्ही ठिकाणी पुन्हा लिहिले आहे. नुसते ‘७:५’ असे लिहिल्यास ते उलट वाचले जाण्याचा धोका असतो, म्हणून तसे कोठेही लिहिलेले नाही.]

३.२ हस्तांतरिती कंपनीकडे असलेले २,००,००० समभाग अंमल दिनांकास रद्द होतील आणि त्यांच्या बदल्यात काहीही दिले जाणार नाही. त्यामुळे उरलेल्या १०,००,००० समभागांच्या बदल्यात १४,००,००० नवीन समभाग देय होतील आणि हस्तांतरिती कंपनीचे वसूल भांडवल ६४,००,००० समभागांचे, म्हणजे ६,४०,००,००० रुपये होईल.

३.३ प्रमाण प्रत्येक भागधारकाच्या एकूण धारणेला लावले जाईल. धारणा आधी पाचाच्या पटीत उतरवली जाणार नाही. उदाहरणार्थ, १३७ समभाग असलेल्या भागधारकाचा हक्क १९१.८ समभागांचा होतो. त्याला १९१ समभाग मिळतील आणि ०.८ हा अपूर्णांक कलम ३.४ प्रमाणे हाताळला जाईल. [टीप : १३७ मधून आधी २ वजा केले, तर १८९ हा आकडा येतो, आणि तो या कलमाच्या विरुद्ध आहे.]

३.४ कोणालाही अपूर्णांकी समभाग दिला जाणार नाही. असे सर्व अपूर्णांक एकत्र करून होणारे समभाग, बेरजेतही अपूर्णांक उरल्यास तो पुढच्या पूर्णांकापर्यंत वाढवून, संचालक मंडळाने नेमलेल्या विश्वस्ताला दिले जातील. विश्वस्त ते वाटपापासून ९० दिवसांच्या आत विकून, कर व खर्च वजा जाता राहिलेली रक्कम संबंधितांना त्यांच्या अपूर्णांकांच्या प्रमाणात देईल. या वाढीमुळे कलम ३.२ मधील आकड्यांत पडणारा फरक या योजनेने मान्य समजला जाईल.

३.५ नवीन समभागांना विद्यमान समभागांइतकेच हक्क असतील. मात्र त्यांच्या वाटपापूर्वी ज्याचा नोंद दिनांक उलटून गेला आहे असा लाभांश त्यांवर मिळणार नाही.

भाग चार : लेखांकन, विसर्जन आणि अटी

४.१ हस्तांतरिती कंपनी लेखांकन मानक १४ मधील हितसंबंध एकत्रीकरण पद्धतीने, मालमत्ता व देणी त्यांच्या पुस्तकी मूल्यांवर, नियत दिनांकापासून नोंदवील.

४.२ हस्तांतरक कंपनी अंमल दिनांकास, समापनाची प्रक्रिया न करता, विसर्जित होईल. तिच्या अधिकृत भांडवलावर भरलेले शुल्क कलम २३२(३) नुसार हस्तांतरिती कंपनीच्या वाढीव अधिकृत भांडवलावरील शुल्कातून वजा केले जाईल.

४.३ उपस्थित राहून मतदान करणाऱ्या भागधारकांच्या व धनकोंच्या संबंधित वर्गातील बहुसंख्येने, आणि त्यांच्यातील मूल्याच्या तीन-चतुर्थांशाने, संमती दिल्यावर व न्यायाधिकरणाने मंजुरी दिल्यावर, आदेशाच्या प्रमाणित प्रती कलम १.३ प्रमाणे दाखल होईपर्यंत ही योजना अंमलात येणार नाही. न्यायाधिकरणाच्या मंजुरीशिवाय नियत दिनांक किंवा विनिमय प्रमाण कोणत्याही संचालक मंडळाला बदलता येणार नाही.

४.४ या योजनेचा सर्व खर्च, मुद्रांक शुल्कासह, हस्तांतरिती कंपनी सोसेल.